तारीख दोन महिने पुढची, तरी दूध बाद: जांबोटी भागातलं एक प्रकरण

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला असलेल्या एका गावातलं हे घर. आजी, आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा बेळगावात उद्यमबागला कामाला जातो. जुलैत इकडचा पाऊस लागला की रस्ता कधी बंद पडेल याचा नेम नसतो, सकाळची दुधाची गाडीही चुकते. म्हणून हे घर पावसाळ्यात लांब टिकणाऱ्या दुधाची पाकिटं भरून ठेवतं. बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास सुनेनं अशाच एका पाकिटातल्या दुधाची शेवयांची खीर केली. आजोबांनी आणि दोन्ही नातवंडांनी ती गरम गरम खाल्ली. आजींना साखरेचा त्रास, त्यांनी खाल्ली नाही. सून मागाहून जेवणार होती. पावणेतीनच्या सुमारास चार वर्षांच्या नातीला उलटी झाली, पाठोपाठ अकरा वर्षांच्या नातवाला आणि मग आजोबांना. ताप कुणालाच नव्हता आणि जुलाबही जवळजवळ नव्हते. खीर खाल्लेले तिघं आजारी पडले आणि न खाल्लेल्या दोघी ठणठणीत होत्या.

डॉक्टरांनी जलसंजीवनी सुरू केली आणि नातीवर रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिघंही सावरले होते. मी दूध तपासणीच्या कामात आहे आणि हे घर नात्यातलं, म्हणून गुरुवारी मी तिथं होते. खीर टाकून दिली होती, पण दुधाचं पाकीट तळाशी थोडं दूध असलेलं तसंच फ्रीजच्या दारात उभं होतं. त्यामुळेच हे प्रकरण नीट पाहता आलं.

त्या आठवड्यात घरात तीन प्रकारचं दूध होतं. शनिवारी संध्याकाळी आणलेली अर्धा लिटरची रोजची पिशवी त्याच रात्री तापवून पातेल्यात ठेवली होती. त्याच दिवशी आणलेलं एक लिटरचं कागदी खोकं होतं, त्यावरची तारीख सप्टेंबरची, म्हणजे दोन महिने पुढची. आणि फडताळात मागं राहिलेलं तसलंच आणखी एक खोकं, न उघडलेलं, तारीख उलटून नऊ दिवस झालेलं.

रविवारी संध्याकाळी सहाला पाहुणे आले, तेव्हा नवं खोकं उघडलं. उरलेलं दूध कोपरा दुमडून, कपड्यांचा चिमटा लावून फ्रीजच्या दारात ठेवलं. सोमवारी रात्री दहाला लाईट गेली, ती मंगळवारी दुपारी दोनला आली. मंगळवारी सकाळी पातेल्यातलं दूध गरम करायला ठेवलं तर ते फुटलं, आणि ते टाकून दिलं. बुधवारी खिरीची वेळ आली तेव्हा निवड दोन खोक्यांत होती. आजींनी दोन्हींवरच्या तारखा पाहिल्या. एकाची गेलेली, दुसऱ्याची सप्टेंबरची. उघड्या खोक्याला नाक लावून पाहिलं, वास नव्हता. सून जरा घुटमळली, तेव्हा आजी म्हणाल्या, "अगं, तारीख अजून हाय की त्याची. ते जुनं बाजूला ठेव, टाकून देऊया." दूध उकळलं, फुटलं नाही, त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली.

आजींनी तारीख पाहिली, वास घेतला, दूध उकळून बघितलं. ताज्या दुधाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी पिढ्यान्पिढ्या उपयोगी पडत आल्या आहेत. इथे तिन्ही फसल्या, आणि का फसल्या हेच या प्रकरणातून शिकण्यासारखं आहे.

आधी तारखेचं. रोजच्या पिशवीतलं दूध साधारण 72 अंशांवर 15 सेकंद तापवलेलं असतं. त्यात रोगजंतू मरतात, पण सगळेच जीवाणू मरत नाहीत. म्हणून ते कायम थंडीत ठेवावं लागतं आणि दोनेक दिवसांत संपवावं लागतं. लांब टिकणारं दूध 135 अंशांच्या वर काही सेकंद तापवतात आणि निर्जंतुक केलेल्या पाकिटात निर्जंतुक जागेतच भरतात. त्यात वाढू शकेल असं जवळजवळ काहीच उरलेलं नसतं, म्हणून कागदी खोक्यातलं दूध सहा महिन्यांपर्यंत आणि त्याच पद्धतीच्या पिशवीतलं साधारण तीन महिने फ्रीजबाहेर टिकतं. ते टिकवणारा कुठलाही पदार्थ त्यात घातलेला नसतो. आत जीवाणू नाहीत आणि बाहेरून शिरायला वाट नाही, या दोनच गोष्टींवर ते टिकतं. पाकिटावरची तारीख या बंद अवस्थेची असते. कात्री लागली की ती तारीख त्या दुधाला लागू राहत नाही. तिथून पुढे दुसरा हिशोब सुरू होतो: 5 अंशांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचं आणि पाकिटावर सांगितलेल्या दिवसांत संपवायचं. बहुतेक पाकिटांवर हे दिवस दोन किंवा तीन असतात.

हे पाकिटावर लिहिलेलं असतं. या खोक्यावरही होतं: उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, 3 दिवसांत वापरा. पण कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, तेही खालच्या घडीजवळ मोहरीएवढ्या अक्षरांत. आजी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. कन्नड त्या बाजारात सहज बोलतात, पण वाचता येत नाही. त्या पाकिटावर त्यांना वाचता येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आकडे. खानापूर, बेळगाव, निपाणीकडे अशा आज्या घरोघरी आहेत. त्यांनी तारखेवर भिस्त ठेवली यात त्यांचा दोष मला दिसत नाही. घरात ज्याला ते वाक्य वाचता येतं, त्यानं ते एकदा मोठ्यानं वाचून दाखवायला हवं होतं.

आता वासाचं. आपलं नाक आंबटपणा ओळखायला तयार झालेलं आहे. पातेल्यातलं दूध मंगळवारी फुटलं, कारण घरात रोज दही लागतं, त्याच डावाचा, त्याच हाताचा स्पर्श त्या दुधाला होत असतो. आंबवणारे जीवाणू त्यात शिरले, उबेत वाढले, आम्ल तयार झालं आणि दूध गरम होताच फुटलं. ते दूध नासलं, पण आपण नासल्याचं सांगून नासलं. उघडलेल्या खोक्याचं तसं नसतं. त्यातलं दूध म्हणजे पेरणीला तयार केलेलं मोकळं शेत; जे बी आधी पडेल, तेच माजतं. पडणारं बी बहुतेक वेळा आंबवणारं नसतं. हातावरचे, कात्रीवरचे, तोंडातले, हवेतल्या धुळीतले जीवाणू असतात. त्यातले कित्येक आम्ल फारसं करत नाहीत. काही थंडीतही सावकाश वाढतात आणि दुधातली प्रथिनं तोडतात, तेव्हा दूध कडवट होतं किंवा आंबट न होताच साकळतं. काही जण विष तयार करतात, आणि त्या विषाला रंग, वास, चव काहीच नसतं.

खोक्यात बी कुठून पडलं असेल, हे विचारताना दोन गोष्टी समजल्या. कोपरा स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापला होता. ती कात्री कोथिंबिरीच्या मुळ्या छाटायलाही वापरतात आणि वापरून झाल्यावर नुसती फडक्याला पुसून ठेवतात. मातीत बीजाणू धरणारे जीवाणू भरपूर असतात. दुसरं, सोमवारी संध्याकाळी नातू खेळून आला आणि खोक्यालाच तोंड लावून दूध प्यायला. हे त्यानं मला आईच्या मागं उभं राहून हळूच सांगितलं. माणसाच्या नाकात, तोंडात आणि हातावर स्टॅफिलोकोकस जातीचे जीवाणू असतात. ते पोत्यानं असावे लागत नाहीत, थोडेसे पुरतात. बाकीचं काम वेळ आणि ऊब करते.

ऊब सोमवारी रात्रीपासून मिळाली. लाईट नसताना फ्रीजचं दार उघडलंच नाही तर आतली थंडी साधारण चार तास धरून राहते. इथे लाईट सोळा तास नव्हती, आणि सकाळी भाजी काढायला दार दोनदा उघडलं होतं. म्हणजे ते दूध निदान दहा-बारा तास तरी घरातल्या तापमानाच्या आसपास होतं. 5 अंशांवर जीवाणूंची वाढ दिवसांच्या हिशोबात चालते, 25 अंशांच्या जवळ ती तासांच्या हिशोबात होते. मंगळवारी दुपारी लाईट आली, दूध पुन्हा गार झालं, हाताला गार लागलं, आणि मधे काय घडलं याची खूण कुठेच राहिली नाही. मी फ्रीजच्या दारात पाण्याच्या पेल्यात रात्रभर थर्मामीटर ठेवून पाहिला. लाईट असतानाही दारात 9 अंश भरले, आतल्या मधल्या फळीवर 5. दार ही फ्रीजमधली सगळ्यात गरम जागा, आणि आपण दूध नेमकं तिथंच ठेवतो, कारण कंपनीनं बाटलीचा कप्पा तिथं दिलेला असतो.

दिवस मोजले तर नियम मोडलाच नव्हता. रविवारी संध्याकाळी सहा ते बुधवारी दुपारी बारा म्हणजे 66 तास, तीन दिवसांच्या आतच. ते तीन दिवस अखंड थंडीतले असतात, हे मात्र पाकिटावरच्या वाक्यात शब्दाशब्दांनी लिहिलेलं नसतं. लाईटनं सोळा तास खाल्ले तेव्हाच त्या दुधाची मुदत संपली होती.

राहिलं उकळणं. खीर चांगली दहा-पंधरा मिनिटं रटरटली होती. त्यात जिवंत जीवाणू बहुतेक सगळे मेले असणार. पण स्टॅफिलोकोकसचं विष आणि बॅसिलस सीरियस या मातीतल्या, बीजाणू धरणाऱ्या जीवाणूचं उलटी आणणारं विष, ही दोन्ही घरच्या उकळण्याला दाद देत नाहीत. जीवाणू मेले तरी त्यांनी आधी सोडलेलं विष तसंच राहतं. या दोन्ही विषांनी होणारा त्रासही असाच असतो: खाल्ल्यावर एक ते सहा तासांच्या आत अचानक उलट्या, ताप नाही, आणि एका दिवसात आराम. पोटात जाऊन वाढणाऱ्या जीवाणूंना याहून जास्त वेळ लागतो. पावणेतीन तासांत तिघंही उलट्या करू लागले, याचा अर्थ विष ताटात येण्याआधीच तयार होतं. शेवया त्याच दिवशी पाकीट फोडून तुपात भाजल्या होत्या, साखर रोजच्या चहातली होती आणि खीर लगेच खाल्ली होती. म्हणून माझा संशय दुधावरच राहिला. या दोनांपैकी नेमकं कुठलं विष होतं हे सांगायला खिरीचा किंवा उलटीचा नमुना योग्य प्रयोगशाळेत जायला हवा होता. तो गेला नाही, त्यामुळे इथे मी एकाचं नाव घेणार नाही.

उघड्या खोक्यातलं उरलेलं दूध आणि ते न उघडलेलं, तारीख गेलेलं खोकं, दोन्ही मी बर्फाच्या डब्यात घालून बेळगावला तपासायला नेलं. निघण्याआधी उघडं दूध स्टीलच्या वाटीत ओतून आजींना दाखवलं. वाटी तिरकी करून सरळ केली की कडेला बारीक पांढरे कण चिकटून राहत होते, रव्याहून बारीक. चांगलं दूध वाटीच्या कडेवरून एकसारखा पातळ पापुद्रा धरून खाली उतरतं. एवढीच काय ती खूण होती, आणि खिरीत ती दिसणं शक्यच नव्हतं.

तपासणीत त्या दुधाची आम्लता ताज्या दुधाइतकीच निघाली. नळीत उकळलं तरी ते फुटलं नाही. म्हणजे आजींच्या नाकानं आणि पातेल्यानं जे सांगितलं तेच प्रयोगशाळेनंही सांगितलं: दूध आंबट नाही. मग मेथिलीन ब्ल्यूची चाचणी घेतली. दुधात या निळ्या रंगाचे थेंब घालून नळी 37 अंशांच्या पाण्यात ठेवतात. जीवाणू जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो. चांगल्या दुधात निळा रंग पाच तासांच्या वर टिकतो. या नळीतला रंग अर्ध्या तासाच्या आत उडाला, नळी पांढरीफटक झाली. ही चाचणी विष दाखवत नाही, फक्त गर्दी दाखवते. पण गर्दी अशी होती की हेच दूध कच्चं म्हणून संकलन केंद्रावर आलं असतं तर सर्वांत खालच्या प्रतीत गेलं असतं.

तारीख गेलेलं खोकं फुगलेलं नव्हतं, कुठे गळत नव्हतं. फोडल्यावर दूध किंचित पिवळसर-तपकिरी दिसलं, जुन्या खव्यासारखा शिजका वास आला, वर सायीची कडी धरलेली आणि तळाशी थोडा साका होता. निळा रंग त्यात दिवसभर टिकला. ज्या दुधाला घरानं टाकाऊ ठरवलं, त्यात जीवाणूंची गर्दी नव्हती. ज्याला चांगलं ठरवलं, ते भरलेलं होतं.

यावरून कुणी तारीख गेलेलं दूध बिनधास्त प्यावं असा अर्थ काढू नये. ते एक खोकं होतं, आणि प्रयोगशाळेत फोडलेलं होतं. बंद पाकिटातही दुधातली काही विकरं तग धरतात आणि महिनोन्‌महिने प्रथिनं कुरतडत राहतात. त्यानं दूध कडू होतं, शेवटी खिमट होतं. पत्र्याखालच्या गरम खोलीत साठवलेलं पाकीट तारखेच्या आधीच या वाटेला लागतं. शिवाय पाकिटाच्या घडीला सुईएवढं छिद्र पडलं असेल तर ते बाहेरून दिसत नाही. भारतीय लेबल नियमांनुसार 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' अशी तारीख असेल तर त्या दिवसानंतर तो माल विकता येत नाही, आणि घरातही तो मुलांना, गरोदर बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त 'बेस्ट बिफोर' लिहिलेलं असेल तर ती तारीख चवीची आणि प्रतीची असते. पाकीट सपाट, कोरडं आणि फोडल्यावर दूध एकजीव असेल तर चार-आठ दिवस मागं पडल्यानं सहसा विषबाधा होत नाही. फुगलेलं पाकीट मात्र तारीख कुठलीही असो, फोडूसुद्धा नये. आत वायू धरला म्हणजे आत कोणीतरी वाढलेलं आहे.

रोजच्या पिशवीला ही सवलत नाही. ती बंद असली तरी आत जीवाणू थोडे शिल्लक असतातच, त्यामुळे तिच्यावरची तारीख शब्दशः पाळायची. कापल्यावर सगळं दूध लगेच उकळावं, पातेलं पाण्यात ठेवून तासाभरात निववावं आणि मग फ्रीजच्या आतल्या फळीवर ठेवावं. रात्री उकळून सकाळपर्यंत ओट्यावर झाकून ठेवणं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. पण उकळण्याला न मरणारे बीजाणू नेमके त्या कोमट तासांत जागे होतात. असं नीट निववलेलं दूध पिशवीवरच्या तारखेच्या आत, फार तर दोन दिवसांत संपवावं. आणि जुन्या दुधात नवं मिसळू नये. उरलेलं पावशेर आणि नवं लिटर एकत्र केलं की सगळ्या दुधाचं वय त्या पावशेराइतकं होतं.

एक घोळ दुकानातच होतो. लांब टिकणारं दूध खोक्यात येतं तसं पिशवीतही येतं, आणि ती पिशवी दिसायला रोजच्या पिशवीसारखीच असते. दुकानदार ती फळीवर मांडतो म्हणून माणसं घरी नेऊन रोजची पिशवीही फळीवर ठेवतात, नाहीतर उलट, लांब टिकणारी कापून "हे बाहेरच टिकतं" म्हणून ओट्यावर सोडून देतात. दुसरी चूक जास्त महागात पडते. कापलेली लांब टिकणारी पिशवी फ्रीजबाहेर रोजच्या दुधापेक्षा जरासुद्धा जास्त टिकत नाही. फ्रीज नसेल तर ती एका वेळी संपेल एवढीच घ्यावी. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं दूध मी मुलाला देणार नाही.

त्या घरानं आता एक लिटरचं खोकं घेणं सोडलं आहे. 200 मिलीची खोकी घेतात. लिटरमागे पैसे जास्त पडतात, पण सकाळच्या चहाला एक फोडलं की एक संपतं, उरवायचा प्रश्न येत नाही. पाहुण्यांसाठी मोठं फोडलंच तर कात्री आधी उकळत्या पाण्यात बुडवतात, दूध धुऊन वाळवलेल्या झाकणाच्या बरणीत ओततात आणि आतल्या फळीवर ठेवतात. बरणीवर चिकटपट्टी लावून सून पेनानं वार आणि वेळ लिहिते, मराठीत, मोठ्या अक्षरांत, म्हणजे आजींना वाचता येईल. लाईट गेली की त्याच पट्टीवर वेळ लिहितात. लाईट यायला चार तासांहून जास्त लागले तर बरणीतलं दूध कुणालाही न विचारता टाकायचं, असं आजींनीच ठरवून दिलं आहे. गाईम्हशींच्या घरात वाढलेल्या बाईला पाव लिटर दूध ओतून देताना जिवावर येतं, ते त्यांच्या तोंडावर दिसतं. नातू मात्र अजून खोक्याला तोंड लावतो, म्हणून त्याची 200 मिलीची खोकी वेगळी ठेवली आहेत.